लग्न मोडलं, हॉलचा ॲडव्हान्सही बुडाला? ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलं म्हणून मालक सगळे पैसे ठेवू शकतो का?

लग्न ठरलं की कपडे, दागिने आणि पत्रिकेच्या आधी एक धावपळ होते, ती म्हणजे मंगल कार्यालय मिळवण्याची. चांगल्या तिथी मोजक्या आणि कार्यालयंही मोजकी, त्यामुळे सहा-आठ महिने आधीच पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त रक्कम देऊन तारीख धरून ठेवली जाते. मग कधी सोयरीक मोडते, कधी घरात कुणाचं निधन होतं, कधी मुलाला सुट्टी मिळत नाही म्हणून लग्न पुढे जातं. पैसे मागायला गेलं की ऑफिसातला माणूस पावतीच्या मागच्या बाजूला छापलेली एक ओळ दाखवतो: ‘बुकिंगची रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’

बहुतेक कुटुंबं इथेच गप्प बसतात. सही केली आहे, आता काय करणार, असं वाटतं. पण भारतीय कायदा या ओळीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ती ओळ निरर्थक नाही, पण ती शेवटचा शब्दही नाही. मालकाने किती पैसे ठेवायचे हे ठरवताना खरा प्रश्न एकच असतो: तुम्ही तारीख सोडल्यामुळे त्याचं नुकसान किती झालं?

आधी पाहा, तुम्ही नेमके कशाचे पैसे दिलेत

बोलताना आपण सगळ्यालाच ‘ॲडव्हान्स’ म्हणतो. प्रत्यक्षात बुकिंगच्या दिवशी दिलेल्या रकमेत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे इसार किंवा बयाणा. ‘मी शब्द पाळीन’ याची हमी म्हणून दिलेली ही तुलनेने छोटी रक्कम असते. दुसरी म्हणजे भाड्याचा आगाऊ हप्ता, म्हणजे एकूण भाड्यापैकी काही भाग आधी दिलेला. तिसरी म्हणजे अनामत, खुर्च्या तुटल्या, भिंतीला डाग पडले, भांडी हरवली तर त्यातून कापून घेण्यासाठी ठेवलेली रक्कम.

हा फरक महत्त्वाचा आहे. अनामतीचा प्रश्न सर्वात सोपा: कार्यक्रमच झाला नाही तर तोडफोड होण्याचा प्रश्न नाही, म्हणून अनामत पूर्ण परत मिळायला हवी. वाजवी इसार जप्त करण्याला न्यायालयं सहसा हरकत घेत नाहीत. खरा वाद होतो तो आगाऊ हप्त्यावर. अर्ध्याहून जास्त भाडं आधी घ्यायचं आणि त्यालाच ‘इसार’ म्हणायचं, ही युक्ती केवळ शब्दावर टिकत नाही. रक्कम किती आहे आणि ती कशासाठी दिली आहे, हे पाहिलं जातं.

म्हणून पावतीवर काय लिहिलं आहे ते वाचा. नुसतं ‘ॲडव्हान्स रु. १,००,०००’ असेल तर त्यातले किती भाड्याचे आणि किती अनामतीचे, हे आजच मेसेज करून लेखी विचारून ठेवा. वाद झाल्यावर विचारलं तर उत्तर बदललेलं असू शकतं.

कायदा काय म्हणतो?

या सगळ्याचा पाया १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास किती रक्कम द्यायची हे करारात आधीच लिहिलेलं असेल, तर समोरच्याला ‘वाजवी भरपाई’ मिळेल आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसेल. म्हणजे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा आहे. तो आपोआप मिळणारा हक्क नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे कलम आधीच भरलेल्या पैशांनाही लागू होतं, असं स्पष्ट केलं. त्या व्यवहारात खरेदीदाराने १,००० रुपये इसार म्हणून आणि नंतर २४,००० रुपये दिले होते. इसाराचे हजार विक्रेत्याकडे राहिले, पण नुकसान सिद्ध न करता पुढचे चोवीस हजार जप्त करण्याची मुभा मिळाली नाही.

१९६९ च्या मौला बक्ष खटल्यात लष्कराला बटाटे, अंडी, मासे पुरवण्याचा करार होता. ठेकेदाराने माल पुरवला नाही म्हणून सरकारने त्याची ठेव जप्त केली. न्यायालयाने विचारलं, तुम्ही बाजारातून माल घेतला असेल तर किती जास्त पैसे पडले ते सांगा. ते सहज सांगता आलं असतं, पण सांगितलं नाही. जप्ती टिकली नाही.

२०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालाने हा मुद्दा आणखी पक्का केला. प्राधिकरणाने भूखंडाचा करार रद्द करून ७८ लाख रुपये ठेवून घेतले. पण तोच भूखंड नंतर मूळ किमतीच्या तिपटीहून जास्त दराने विकला गेला होता. नुकसानच झालं नाही तर भरपाई कसली, असं म्हणत न्यायालयाने ती रक्कम परत करायला लावली.

हॉलच्या बाबतीत हा निकाल जसाच्या तसा डोळ्यासमोर ठेवावा असा आहे. तुमची तारीख दुसऱ्या कुटुंबाला त्याच किंवा जास्त भाड्याने दिली गेली, तर मालकाचं नुकसान कुठे झालं?

एक हिशेब करून पाहू

समजा, नाशिकच्या एका कुटुंबाने मे महिन्यातल्या तिथीसाठी लॉन धरलं. भाडं २,४०,००० रुपये. बुकिंगच्या वेळी १,००,००० रुपये भाड्यापोटी आणि २०,००० रुपये अनामत दिली. हिशेब सोपा राहावा म्हणून जीएसटी सध्या बाजूला ठेवू. लग्नाच्या ७५ दिवस आधी सोयरीक मोडली आणि त्याच दिवशी कुटुंबाने मेसेज करून तारीख सोडल्याचं कळवलं. पावतीवर ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलं आहे.

अनामतीचे २०,००० कोणत्याही परिस्थितीत परत यायला हवेत. उरलेल्या लाखाचं काय, हे पुढे काय घडलं त्यावर ठरतं.

पहिली शक्यता: तीन आठवड्यांत दुसरं लग्न आलं, पण थोड्या कमी भाड्याने, २,१०,००० रुपयांना. मालकाला ३०,००० कमी मिळाले. नवी जाहिरात, कागदपत्रं यांचा थोडा खर्च धरला तरी नुकसान तीस-पस्तीस हजारांच्या आसपास. तेवढे कापून ६५ ते ७० हजार परत मागण्याची भूमिका इथे भक्कम आहे.

दुसरी शक्यता: तिथी रिकामीच गेली. मालकाचे २,४०,००० गेले, पण वीज, जनरेटरचं डिझेल, सफाई, रात्रीचे कामगार हा खर्च वाचला. तो ४०,००० धरला तर नुकसान २,००,००० होतं. हे एक लाखापेक्षा जास्त आहे, त्यामुळे पूर्ण लाख ठेवणं वाजवी ठरू शकतं. पण जप्तीचं कलम लाखाचंच असेल तर त्यावर आणखी लाख मागणं मालकाला कठीण आहे.

तिसरी शक्यता फसवी आहे. त्या दिवशी संध्याकाळी ८०,००० रुपयांत एक साखरपुडा झाला. ‘हॉल भरला, आता आमचे पैसे द्या,’ असं आपल्याला वाटतं. पण २,४०,००० मधून ८०,००० वजा केले तरी नुकसान १,६०,००० उरतं. साखरपुड्यासाठी वीज-सफाईचा खर्च झालाच, म्हणून वाचलेला खर्चही फारसा नाही. इथे लाखातलं काही परत मिळण्याची शक्यता कमी.

यातून एक साधं सूत्र निघतं. मूळ भाड्यातून नव्या बुकिंगची रक्कम आणि वाचलेला खर्च वजा करा. जे उरतं ते नुकसान. ते तुमच्या ॲडव्हान्सपेक्षा कमी असेल तर वरची रक्कम तुमची. म्हणूनच सुरुवातीला किती पैसे दिले यालाही महत्त्व आहे. याच उदाहरणात कुटुंबाने पूर्ण २,४०,००० आधीच भरले असते, तर तारीख रिकामी जाऊनही किमान वाचलेले ४०,००० मागता आले असते.

आणखी एक बाब मालकांना आवडत नाही. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार नुकसान मोजताना, ते टाळण्यासाठी हाताशी काय उपाय होते हेही पाहिलं जातं. ७५ दिवस आधी कळवूनही मालकाने कुणाला तारीख दाखवलीच नाही, चौकशीला आलेल्यांना ‘बुक आहे’ असंच सांगत राहिला, तर पूर्ण नुकसान तुमच्या माथी मारता येत नाही.

कधी कळवलं, यावर एवढं का अवलंबून?

कारण महाराष्ट्रात हॉलचा व्यवसाय तिथींवर चालतो. चातुर्मासात रिकामे असणारे हॉल तुळशीच्या लग्नानंतर भरायला लागतात. मे महिन्यातली रविवारची तिथी दोन महिने आधी सोडली तर ती पुन्हा जाण्याची शक्यता बरीच. तीच तिथी दहा दिवस आधी सोडली तर जवळजवळ शून्य, कारण इतक्या कमी वेळात कुणी लग्न ठरवत नाही. बिनमुहूर्ताचा मंगळवार तर तीन महिने आधी सोडला तरी रिकामाच राहील.

चांगल्या कार्यालयांच्या करारात म्हणूनच टप्पे असतात: ९० दिवसांपूर्वी रद्द केल्यास १० टक्के कपात, ६० ते ९० दिवसांत २५ टक्के, ३० ते ६० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काहीच परत नाही. असं वेळापत्रक खऱ्या नुकसानीच्या अंदाजावर बेतलेलं दिसतं, म्हणून ते ‘काहीही झालं तरी शून्य’ या ओळीपेक्षा टिकण्याची शक्यता जास्त असते. तुम्ही अशा करारावर सही केली असेल तर त्याविरुद्ध भांडण अवघड आहे.

मात्र अशा तक्त्यात एक खाच असते. २५ टक्के कशाचे? वरच्या उदाहरणात एकूण भाड्याचे धरले तर कपात ६०,००० होते. ॲडव्हान्सचे धरले तर फक्त २५,०००. करारात हे स्पष्ट नसेल तर संदिग्ध ओळीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे न्यायालयांनी मान्य केलेलं तत्त्व तुमच्या बाजूने उभं राहतं. पण सही करण्याआधी पेनाने ‘ॲडव्हान्सच्या’ हा एक शब्द घालून घेणं कितीतरी स्वस्त पडतं.

ग्राहक कायद्याने काय बदललं?

नाव मंगल कार्यालय असो, लॉन, बँक्वेट हॉल किंवा ट्रस्टचं सभागृह. पैसे घेऊन सेवा दिली जात असेल तर तुम्ही ग्राहक आहात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना पहिल्यांदा कायद्यात आणली. त्याच्या व्याख्येत अवाजवी मोठी अनामत मागणं येतं. करार मोडल्याबद्दल प्रत्यक्ष नुकसानीशी मेळ नसलेला दंड लावणंही येतं. छापील फॉर्मवरची ‘काहीही झालं तरी परत नाही’ ही ओळ अनेकदा याच दुसऱ्या प्रकारात बसते.

एकतर्फी कलमांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेला एक निकाल इथे उपयोगी आहे. प्रकरण घराचं होतं. गोदरेज प्रोजेक्ट्स विरुद्ध अनिल कार्लेकर या खटल्यात ग्राहकाने बुकिंग रद्द केलं आणि करारानुसार बिल्डरला किमतीच्या २० टक्के रक्कम जप्त करायची होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १० टक्क्यांचीच परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केला नाही. करार एकतर्फी होता, हे त्यामागचं कारण.

याचा अर्थ हॉलमालकालाही नेमके १० टक्केच ठेवता येतात, असा मात्र नाही. घर उद्याही विकता येतं. लग्नाची तारीख गेली की गेली. म्हणून घराच्या निकालातली टक्केवारी हॉलला चिकटवता येत नाही. ‘सही केली म्हणजे काहीही चालतं’ हा युक्तिवाद न्यायालय मान्य करत नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

हॉलमालकाने रद्द केलं तर? किंवा सरकारने?

हॉलमालकाने स्वतः बुकिंग रद्द केलं, दोघांना एकच तारीख दिली किंवा परवानगी नसल्याने हॉल सील झाला, तर चित्र उलटं होतं. पूर्ण रक्कम परत मिळायला हवी आणि ऐनवेळी दुसरा हॉल जास्त भाड्याने घ्यावा लागला तर त्यातला फरकही मागता येतो. ‘व्यवस्थापनाला बुकिंग रद्द करण्याचा अधिकार राहील’ असं छापलेलं असलं तरी वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा हेही अनुचित कराराचंच लक्षण आहे.

दोघांचाही दोष नसेल तर करार कायद्याचं कलम ५६ येतं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत आणि जास्तीत जास्त २५ माणसांत उरकावं, असा आदेश होता. पाचशे पानांच्या लग्नासाठी घेतलेलं लॉन अशा वेळी उपयोगाचं राहत नाही. करार पूर्ण करणं अशक्य झालं किंवा त्याचा हेतूच संपला तर करार संपतो आणि कलम ६५ नुसार घेतलेला लाभ परत करावा लागतो. करारात अशा परिस्थितीसाठी वेगळी तरतूद असेल, उदाहरणार्थ वर्षभरात दुसरी तारीख देण्याची, तर आधी ती लागू होते.

सोयरीक मोडणं किंवा नोकरीमुळे तारीख बदलणं मात्र यात येत नाही. कारण कितीही दुःखद असलं तरी हॉल उपलब्ध होता. तिथे पुन्हा नुकसानीचा हिशेबच करावा लागतो.

‘जीएसटी भरला, आता पैसे कसे देऊ?’

हे उत्तर अनेकांना मिळतं. सेवा न देताच परत केलेल्या रकमेवरचा कर समायोजित करण्याची सोय कायद्यात आहे. नुसती ॲडव्हान्सची पावती दिली असेल तर रिफंड व्हाउचर, पूर्ण बिल दिलं असेल तर क्रेडिट नोट. रद्द करण्याचं शुल्क म्हणून मालक जी रक्कम ठेवतो त्यावर कर लागतो, त्यामुळे कपातीवर थोडा कर दिसणं चुकीचं नाही. पण परत करायच्या रकमेवरचा कर हे पूर्ण रक्कम अडवण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि पावतीच दिली नसेल तर? बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

पैसे परत मागायचे कसे?

ठरल्या क्षणी लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्याला तारीख राहत नाही. व्हॉट्सॲप किंवा ईमेलला राहते. त्यात तीन गोष्टी असाव्यात: आम्ही ही तारीख सोडत आहोत, ती तुम्ही दुसऱ्याला देऊ शकता, आणि हिशेब करून उरलेली रक्कम परत करावी. दुसरं वाक्य सोडू नका. नंतर ‘आम्ही तुमच्यासाठी तारीख राखून ठेवली होती’ असं म्हणायला जागा उरत नाही.

ओळखीत कुणाला ती तारीख हवी असेल तर त्यांना हॉलकडे पाठवा आणि पाठवल्याचं कळवून ठेवा. तारीख परस्पर विकू नका, कारण बहुतेक करारांत बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करायला मालकाची संमती लागते.

मग पुराव्याचा प्रश्न. तारीख पुन्हा दिली गेली हे तुम्हाला कसं कळणार? त्या दिवशी प्रवेशद्वारावर लागलेल्या स्वागत फलकाचा बाहेरून काढलेला फोटो पुरेसा बोलका असतो. तोही नसेल तर तक्रारीत बुकिंग रजिस्टर आणि त्या दिवसाचं बिल सादर करायला लावण्याची मागणी करा. कागदपत्रं मागवण्याचे अधिकार ग्राहक आयोगाला आहेत. शिवाय नुकसान किती झालं याची माहिती मालकाकडेच असते, त्यामुळे ते दाखवण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

उत्तर आलं नाही तर १५ दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण मालकाशी संपर्क साधते आणि काही वाद तिथेच मिटतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. सेवेची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते आणि हॉल दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची. करारातलं कलमच अनुचित म्हणून रद्द ठरवण्याचा स्पष्ट अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. तुम्हाला फक्त पैसे परत हवे असतील तर सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या आधारावर जिल्हा आयोगाकडे जाणंच सोयीचं.

निकालाला वेळ लागतो, हे लक्षात घेऊन मालकाशी तडजोडीचा आकडा ठरवा. लग्न मोडलेलं नसून पुढे गेलं असेल तर रक्कम नव्या तारखेला वळती करून घेणं दोघांनाही परवडतं. मात्र तसं ठरलं तर नवी तारीख, जुनंच भाडं आणि आधी भरलेली रक्कम, हे तिन्ही एकाच मेसेजमध्ये मालकाकडून लिहून घ्या. नाहीतर नव्या सीझनचा नवा दर लागतो आणि वाद पुन्हा तिथूनच सुरू होतो.